साठ अंश, पस्तीस मिनिटं

मिल बंद पडली तेव्हा पांडुरंग शेवाळे चाळिशीचे होते. कापड रंगवायच्या खात्यात अठरा वर्षं घालवलेला माणूस. नंतरची पंधरा वर्षं कुठे चौकीदारी, कुठे गोदाम, असं करत करत ते इंदूरच्या ए. बी. रोडवरच्या एका नव्या हॉटेलच्या किचनमध्ये येऊन पडले. तिथे एक मशीन आलं होतं, कुणालाच समजेना. पाण्याचं टाकं, पाणी सतत फिरतं, लावलेल्या अंशाच्या आकड्यावर तापून राहतं. हवा काढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मांस बंद करून त्यात सोडायचं आणि उकळू न देता तासन् तास ठेवायचं.

पांडुरंगांनी टाक्यात वाकून पाहिलं नि म्हणाले, "हे तर आमचं रंगाचं टाकं. फक्त रंग नाही."

तेव्हापासून ते टाकं त्यांचं झालं. सकाळी अंडी, सत्तावन्न अंशांवर दीड तास. फोडली तर कच्चीच दिसत, पण त्यातले जंतू मेलेले असत. मेयोनीजला तीच लागत. दुपारनंतर कोंबडी. शेफ पुष्कर पंचवीसचा, पुण्याहून शिकून आलेला. तो त्यांना "रंगारी काका" म्हणे. पहिल्या तारखेला पांडुरंगांना कायम नोकरीची चिठ्ठी मिळणार होती. ती मिळाली की त्यांच्या बायकोच्या, सरलाबाईंच्या दम्याची औषधं विम्यातून मिळाली असती. घरी रोज तोच विषय.

त्या गुरुवारी संध्याकाळी सातला एका कंपनीच्या साठ साहेबांचं जेवण होतं. रात्री त्यांचं विमान. कोंबडीवाल्याची गाडी महूजवळ बंद पडली, म्हणून पुष्करने डीप फ्रीझरमधला माल काढायला लावला. दगडासारख्या गोठलेल्या साठ पिशव्या साडेचारला टाक्यात गेल्या. टाक्याशेजारच्या फळ्यावर मात्र नेहमीचंच लिहिलेलं होतं: दीड तास. तो हिशोब फ्रीजमधल्या मालाचा होता.

पाणी साठ अंशांवरून एकावन्नवर घसरलं आणि रेंगाळत चढू लागलं. पांडुरंग स्टुलावर बसून बघत राहिले.

सहाला पुष्कर चिमटा घेऊन आला. "चलो काका, काढा. तवा तापलाय."

"नाही झालं."

"अरे यार, दीड तास झाला ना!"

पांडुरंगांनी एका पिशवीवर फोमची पट्टी चिकटवली, म्हणजे पाणी आत शिरणार नाही, आणि त्यातून थर्मामीटरची सुई मांसाच्या मधोमध घातली. बावन्न.

"पाणी साठ आहे, मांस नाही. मिलमध्ये कापड आतपर्यंत तापल्यावर घड्याळ लावायचो. एकदा मी वाफ सोडल्यापासून मोजलं, तर कापडाचा सगळा ताका पहिल्याच धुण्यात फिका पडला. हे मध्ये साठ होऊ दे. मग पस्तीस मिनिटं. त्याशिवाय जंतू मरत नाहीत."

"तव्यावर भाजू ना कडक."

"तवा कातडीला लागेल. मधे काय पोचणार?"

पुष्करने एक पिशवी कापलीच. बाहेरून पांढरं, मधे काचेसारखं ओलं.

"नाहीतर कढईत पूर्ण शिजव," पांडुरंग म्हणाले. "मला काय!"

"मेन्यूवर छापलंय काका! साधी कोंबडीच द्यायची तर मशीन कशाला आणलं, असं मॅनेजर विचारतील." तो टाक्याभोवती फिरला. "किती वेळ?"

"येईल तेव्हा येईल."

सुई सातला साठवर आली. पस्तीस मिनिटं पांडुरंगांनी टाक्याच्या झाकणावर हात ठेवून काढली. हॉलमधून मॅनेजर दोनदा येऊन ओरडून गेले. सात पस्तीसला पिशव्या बाहेर आल्या, आठला ताटं गेली. तोवर निम्मे साहेब पनीर खाऊन विमानाला निघून गेले होते. उरलेल्यांनी चार घास खाल्ले. छान मऊ होतं म्हणे.

पहिल्या तारखेला कायम झालेल्यांच्या यादीत पांडुरंगांचं नाव नव्हतं.

"साहेब, कच्चं होतं ते," ते मॅनेजरना म्हणाले. "पुष्करला विचारा."

मॅनेजरनी पुष्करला बोलावलं. पुष्कर जमिनीकडे बघत होता. "काकांनी माल काढू दिला नाही, सर," एवढंच बोलला. गोठलेल्या मालाबद्दल अवाक्षर नाही.

"लोक आजारी पडले असते," पांडुरंग म्हणाले.

"पडलं का कुणी?"

"नाही."

"मग?"

मिलमध्ये निदान फिका ताका दाखवता यायचा.

डबा घ्यायला ते किचनमध्ये गेले. पुष्कर तिथे नव्हता. फळ्यावरचा दीड तास पुसलेला होता. त्याच्या अक्षरात नवीन ओळ होती: आधी मधे साठ, मग पस्तीस मिनिटं. पांडुरंगांनी ती दोनदा वाचली, थर्मामीटर पुसून खोक्यात ठेवला नि मागच्या दाराने निघाले.

घरी सरलाबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या, श्वास वाजत होता. "मिळाली का हो चिठ्ठी?"

"नाही मिळाली," ते म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.