रिकाम्या जागांच्या खुणा

माझी पत्नी मंगळवारी दुपारी गेली. तेरवी झाल्यावर तिच्या ऑफिसने लॅपटॉप मागितला आणि मी तो नेऊन दिला.

ऑफिस इथेच नागपुरात, शंकर नगरला आहे. तिथे ती प्रोग्राम लिहीत असे. मी कॉलेजात तोच विषय शिकवतो, म्हणजे लिहीत नाही, असं ती म्हणायची. आजारपणाच्या महिन्यांत उशीला टेकून तिने त्याच लॅपटॉपवर आमच्या मुलीसाठी एक खेळ केला होता. आपण मनात ओळखीचं कोणी धरायचं, खेळ एकेक प्रश्न विचारणार, आपण हो किंवा नाही म्हणायचं, आणि शेवटी तो माणूस ओळखणार. आतून तो म्हणजे एक द्विशाखी वृक्ष. प्रत्येक फाट्यावर एक प्रश्न, हो म्हटलं तर डावीकडे, नाही म्हटलं तर उजवीकडे, आणि टोकाला माणसं. आम्ही तो बघायला मागितला तर मुलीला म्हणायची, "थांब ना. अजून तुझी आत्याच बसून नाही राहिली कुठं."

लॅपटॉप घेणाऱ्या तरुणाला मी तिचं खाजगी काही असेल तर काढून द्यायला सांगितलं. तो भला होता. भाभीजींचं काही राहू देणार नाही म्हणाला, आणि पेन ड्राइव्ह हातात ठेवला. मग नियमाप्रमाणे लॅपटॉप कोरा केला.

घरी मुलीने खेळ लावून पाहिला. तो सुरू होईना. कोड मी ओळीओळीने वाचला. त्यात चूक नव्हती. वृक्ष साठवताना ती आधी प्रश्न लिहीत होती, मग त्याची डावी बाजू, मग उजवी, आणि जिथे पुढे काही नाही तिथे एक खूण, #. त्या खुणांवरूनच वाचणाऱ्याला कळतं की ही फांदी इथे संपली, आता मागे फिरायचं. याशिवाय स्वतःला वाचायला म्हणून ती दुसरी एक फाइल काढत होती. त्यासाठी तिने इटरेटर लिहिला होता. तो डावीकडे शेवटपर्यंत उतरतो, वाटेतले प्रश्न एकावर एक रचून ठेवतो, आणि मागितलं की एकेकच ओळ हातात देतो, आधी डावी बाजू, मग प्रश्न, मग उजवी. ती ओळ किती खोलातून आली, हे घेणाऱ्याला कळत नाही. वर्गात मी याला सोय म्हणून शिकवतो. यादीत यादी, तिच्यात आणखी यादी असली तरी बाहेर सगळं सपाट यावं, हेच त्याचं काम.

पेन ड्राइव्हवर कोडसोबत फक्त ही दुसरी फाइल होती. मी त्या तरुणाला फोन केला. पहिली फाइल त्याने उघडून पाहिली होती. तेच शब्द, पण क्रम वेगळा आणि मध्ये मध्ये #. फाइल खराब झाली असं समजून त्याने साफ असलेली तेवढी घेतली. तो फार वेळ माफी मागत राहिला.

मुलगी म्हणाली, ओळी तर सगळ्या आहेत, वृक्ष परत बांधू. तिची कॅम्पस मुलाखतींची तयारी चालू होती, असली गणितं तिला पाठ होती. मी फाइलमधल्या पाच ओळी कागदावर उतरवल्या: आत्या; नागपूरला राहते का?; मोठी मावशी; चष्मा लावते का?; मामी. आत्या आणि मावशी दोघींनाही चष्मा आहे, मावशी आणि मामी दोघीही नागपूरबाहेर राहतात. म्हणजे आधी चष्म्याचं विचारून मग नागपूरचं विचारलं असेल, किंवा आधी नागपूरचं. दोन्ही वृक्षांतून ह्याच पाच ओळी ह्याच क्रमाने बाहेर येतात. आणि फाइल पाच ओळींची नव्हती.

तरी मुलीने रविवारभर बसून एक वृक्ष बांधला, जिथे दोन वाटा दिसल्या तिथे एक निवडत. मी मनात आत्या धरली. खेळाने तीन-चार प्रश्न विचारले आणि आत्या ओळखली. मावशी ओळखली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही ओळखला. एकदाही चुकला नाही. मुलीने आपल्या लॅपटॉपचं झाकण लावलं.

"काहून? बरोबर तर सांगून राहिला," मी म्हणालो.

"हव, सही बता रहा है," ती म्हणाली. ती मराठीला हिंदीतच उत्तर देते. "लेकिन बाबा, ये मम्मी नहीं पूछ रही. ये तो मैं पूछ रही हूँ."

 पुढच्या आठवड्यात मुलाखतीत तिला वृक्ष साठवून परत बांधायला सांगितलं. रिकाम्या जागा का लिहायच्या, हे तिने नीट समजावलं, असं तिने घरी येऊन सांगितलं आणि जेवली नाही.

आता आमच्याकडे माझ्या पत्नीचा कोड आहे, आणि तिने लिहिलेले सगळे प्रश्न आहेत. त्यांतला पहिला कोणता, ते आम्हाला माहीत नाही.