'छ'च्या गाण्याचा बट्ट्याबोळ

बायकोनं नांदेडहून निघतानाच बजावलं होतं, "आज आक्काला गाऊ द्या. मधी तोंड घालू नका."

आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे माझे साडू, वारल्यापासून ती कुठल्या कार्यात गेली नव्हती, की चारचौघांत गायली नव्हती. एरवी जुन्या सिनेमांच्या गाण्यांत तिचा हात धरणारं आमच्यात कुणी नाही. लातूरला माझ्या पुतणीची हळद होती आणि संध्याकाळी अंताक्षरी. बायकोनं त्या अंताक्षरीचंच आमिष दाखवून तिला गाडीत बसवलं होतं.

मी मान डोलावली. माझी मान फार विश्वासू आहे, लगेच डोलते. तोंडाची हमी मी कधी देत नाही.

हळद उरकली. आक्का पुढं येईना, भिंतीच्या कडंला सतरंजीवर बसली. पंच होता नवरीचा मामा. त्याची अंताक्षरी साधी नव्हती. तो अक्षर द्यायचा, वर काळ आणि सिनेमाची खूण सांगायचा. तिन्हीत बसेल तेच गाणं चालायचं. पहिल्याच फेरीत मुलाकडच्या पोरांनी गाण्याआधीच्या संथ ओळी म्हणून अक्षर जुळवलं, तेव्हा मीच उभं राहून तंडलो होतो. "अक्षर मुखड्याचं धरायचं! ठेका सुरू होतो तिथलं! आणि चुकीच्या अक्षरानं काढलेलं गाणं बाद. ते पुन्हा कुणी म्हणायचं नाही." मामानं नियम मान्य केला. मी मिशीवर ताव दिला.

मग आमची पाळी आली.

"छ," मामा म्हणाला. "रंगीत सिनेमे यायच्या आधीचं. नायक घड्याळं दुरुस्त करतो, गाणं नायिका पुलावर उभी राहून म्हणते."

आमच्या पोरांनी भराभर तीन गाणी काढली. दोन रंगीत जमान्यातली निघाली. तिसऱ्याचा काळ बरोबर होता, पण त्यातला नायक डॉक्टर. तिन्ही बाद. मामा आकडे मोजू लागला.

तेवढ्यात मला भिंतीकडून गुणगुणणं ऐकू आलं. आक्काची बोटं मांडीवर ठेका धरून होती. तिला मधलंच कडवं आठवलं होतं, तेही शब्दांविना, नुसती चाल. जुनं गाणं हुडकायची हीच रीत. सापडेल तिथून धरायचं, कडवं शेवटापर्यंत न्यायचं, की शेवटच्या ओळीला बिलगून मुखडा आपोआप तोंडात पडतो. ती दुसऱ्यांदा कडव्यातून जात होती. बायको श्वास रोखून तिच्याकडे बघत होती.

आणि चालीवरून गाणं मला कळलं! साडू दाढी करताना हेच म्हणायचे.

पुढचं मी केलं की माझ्या तोंडानं, देव जाणे. ताडकन उठलो आणि खड्या आवाजात गाणं सुरू केलं. सुरुवातीच्या दोन संथ ओळींपासून. ठेका यायच्या आधीच्या. त्यातल्या पहिल्या शब्दाचं अक्षर होतं 'म'.

"काका," मामा गोड हसला, "गाणं तेच हाय. पण छ मागितला होता, तुम्ही म काढला. तुमचाच नियम. गाणं बाद!"

मुलाकडच्यांनी शिट्ट्या मारल्या. मी वळून पाहिलं. आक्काची बोटं थांबली होती.

"छ पुढं होता, पाव्हणं," ती हळूच म्हणाली. "तेच हुडकून राहिले होते मी."

"आक्का, तुम्ही म्हणा आता! मामा, ह्यांना म्हणू द्या!" मी गयावया केली.

"न्हाई हो," आक्का म्हणाली. "बाद म्हंजे बाद." आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली, ती अंताक्षरी संपेपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लावून परत निघालो. मी आपला डाव टाकला. गाडी चालवता चालवता एक जुनं गाणं मुद्दाम चुकीचं म्हणू लागलो. आक्का न राहवून सुधारेल, सुधारता सुधारता गाईल, असा हिशेब. लोहा गाव मागं पडलं तेव्हा ती मागच्या सीटवरून बोलली. "ते तिसऱ्या कडव्यातलं हाय. तुम्ही पहिल्यात घातलंय." बस्स. बोलली, गायली नाही.

नांदेडला तिच्या दारात पिशव्या उतरवताना मी निर्लज्जपणे विचारलं, "आक्का, ते 'छ'चं एकदा म्हणता का? आम्ही दोघंच ऐकतो."

"घरात काय, काही ना काही रोजच गाते की, पाव्हणं," ती कुलूप काढत म्हणाली. "एकदा लोकांत गाऊन बघायचं होतं."

तिनं चहाला थांबायचा आग्रह केला. माझी मान लगेच डोलली.