प्रत्येक मुलाला रेटेड स्पर्धा

शाहूपुरीत बुद्धिबळ शिकवणाऱ्या संयोगिताताईंनी उन्हाळी बॅचची पोस्ट टाकली: सहा ते नऊ वर्षं नवशिके, दहा ते चौदा सराव गट, फी अडीच हजार, पहिलं सत्र मोफत. ती फिकी वाटली म्हणून शेवटी जोडलं, ‘महिन्याभरात प्रत्येक मुलाला रेटेड स्पर्धा!’

मोफत सत्राला गारगोटीहून पिराजी आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आले. अंतराला सोंगट्या चालवता येत होत्या, पण राजाला शह बसलाय हेच कळत नव्हतं.

“स्पर्धा कवा हाय, मॅडम? हिच्यासाठी म्हयनाभर भावाकडं ऱ्हायला आलोय,” पिराजींनी विचारलं.

ताईंना मान वर करवेना. “चुकलं माझं. नवशिक्यांना इतक्यात बाहेर, अधिकृत गुणांकनाच्या स्पर्धेला नेत नाही. इथंच घड्याळ लावून आपसात खेळवते.”

“मग तसंच लिवायचं की!”

तरीही पिराजींनी अंतराचं नाव घातलं. ताईंनी तिथंच पोस्ट दुरुस्त केली आणि आधी नाव दिलेल्या पालकांना एकेक फोन लावला. दोघांनी मुलं काढून घेतली. रागावलं कुणीच नाही, आणि त्याचंच ताईंना जास्त लागलं.