सदऱ्याचा मुंढा

कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा वास आला, की जुन्या जालन्यातलं आमचं कापडाचं दुकान आणि हातात माझं पत्र घेऊन बसलेले वडील आठवतात. मी हैदराबादेत इंटर सायन्स झालेली, आणि त्यांना मला इंजिनिअर करायचं होतं. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून वसतिगृहातून लिहिलं होतं, "दादा, यंत्रांची चित्रं मला जमतात, पण मला हलत्या अंगासाठी कपडे रेखायचेत. मुंबईला ते शिकवतात. वरचा तागा काढताना तुमचा सदरा वर चढतो, आणि तुम्ही शिंप्याला मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, आणखी खोल कापायला लावता. उलट तो काखेजवळ आणला, तर नुसता हात वर जाईल, सदरा न्हाई." सुट्टीत घरी पोचले, तर पहिला प्रश्न, "हे तुझं डोकं न्हाई. कोण पोरानं लिहून दिलं, बराबर सांग!" आई म्हणाली, "अहो, आधी शिवू तर द्या तिला." मंग त्यांच्यादेखत मी सदरा बेतला, शिवला. त्यांनी तो घालून वरच्या फळीला हात लावला. घेर जागचा हलला नाही. दुसरा हात लावून पाहिला, शिवण उलटून पाहिली. "शिंप्यानं शिकवलं असंल," एवढंच बोलले. मी मुंबईला निघाले तेव्हा स्टेशनावर तोच सदरा घालून आले, आणि बायकांच्या डब्यात कोणी पोरगा बसलाय का, ते वाकून वाकून पाहत राहिले. गाडी हलली तसा त्यांनी हात उंच केला. सदरा तसूभरही चढला नाही. आजही मुंढा कापताना आधी तो हात डोळ्यापुढे आणते, मंगच कात्री चालवते.