नोटीसचा महिना

धामणकर नाक्याजवळच्या माझ्या कापडाच्या कारखान्यात नव्या लूमची नस कळणारा इंजिनीयर एकच होता. मला वाचता यावा म्हणून त्यानं राजीनामा मराठीत लिहिला. स्टार्टअपमध्ये जातोय, नोटीसच्या महिन्यात फिटरला सगळं शिकवून जाईन, असं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'नवी वाट धरली की मागं बघू नये.'

माझं डोकं फिरलं. "मग महिना कशाला? आजच निघ!"

"शेठ, लूम अडले तर?"

"तू जन्मायच्या आधीपासून लूम चालवतोय मी."

चालवले ते जुने. हे नवे न्हाय.

आठवड्यात लूम अडले. फिटरनं हात टेकले. इंजिनीयरला कुठून तरी कळलं, त्याचाच फोन आला, "शेठ, येऊन बघू का?"

"गरज न्हाय," म्हटलं.

लूम बंद, तर मजुरी बंद; दुसऱ्या दिवशी माझे कारागीर शेजारच्या कारखान्यात कामाला लागले.