मावशीचा तावीज

आईचं आजारपण उरकून मी अर्धापूरहून लातूरला परतले, त्याच सकाळी डॉक्टरसाहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. जिल्हा नवा झाला होता. गावभर कचेऱ्यांच्या पाट्या रंगवणं चालू होतं आणि नळाला पाणी नव्हतं. आमचा दवाखाना एका ट्रस्टचा. तिथं एक्स-रे काढायचं काम माझ्याकडे होतं, छातीवर किरणं मोजणारा बॅज लावून.

डॉक्टरसाहेबांनी बसायला सांगितलं नाही. एक कागद पुढं सरकवला.

"तुमच्या बॅजवर वर्षाच्या मर्यादेपेक्षा जास्त डोस आलाय. एका तिमाहीत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती जवळजवळ सगळी तिमाही मी आईच्या खाटेशेजारी काढली होती. त्या दिवसांत मशीनचं बटण हातानं दाबलंच नव्हतं.

"साहेब, मी इथं नव्हतेच की."

"तेच तर. मग बॅज काय स्वतःहून किरणं खाऊन आला?"

रजेवर जाताना मी बॅज ऑफिसातल्या कपाटात ठेवला होता, कंट्रोल बॅजच्या शेजारी. कंट्रोल बॅज कुणी लावायचा नसतो. तो किरणांपासून लांब पडून राहतो आणि इतरांच्या बॅजसोबत मुंबईच्या प्रयोगशाळेत जातो, म्हणजे टपालात किंवा वाटेत काही झालं असेल तर कळतं. त्याचं माप अगदी नेहमीचं आलं होतं. एकाच फळीवरचे दोन बॅज. एक कोरा आणि एक गच्च भरलेला.

नियमाप्रमाणे चौकशी होईपर्यंत मला मशीनपासून लांब ठेवलं. माझ्या रजेत काम बघायला आलेला तंत्रज्ञच पुढं काम करत राहिला, मी ऑफिसात फायली लावत बसले. लोकांची नजर बदलली. एका नर्सनं तर विचारलंच, "दुसरं काम पाहिजे म्हणून बॅज मुद्दाम मशीनखाली ठेवला का हो?" मनात येई, मापात चूक नसली तर? रजेच्या आधीच्या चार दिवसांत एवढं काही माझ्या अंगावर आलं असेल तर?

आठवड्याभरात मुंबईच्या त्या प्रयोगशाळेतून एक अधिकारी आले. मध्यम वयाचे, हळू बोलणारे. ते आल्याआल्याच डॉक्टरसाहेबांनी निकाल दिला, "इथलं ऊन बघताय ना? कपाट तापून बॅज बिघडला असणार."

"फिल्म असती तर मानलं असतं," अधिकारी म्हणाले. "पूर्वीच्या बॅजमधली फिल्म उष्णतेनं काळपटायची. हे टीएलडी आहे, फिल्मऐवजी स्फटिकांचं. ह्यात उष्णतेनं डोस वाढत नाही. साठलेलं असेल ते थोडं कमी होईल फार तर."

मग माझ्याकडे वळून त्यांनी बॅज उघडून दाखवला. आत धातूची पट्टी, तिच्यावर तीन पांढऱ्या चकत्या. किरणं पडली की ह्या चकत्यांतल्या स्फटिकात ऊर्जा अडकून बसते, महिनोन्महिने. प्रयोगशाळेत चकती खूप तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. डोस जितका जास्त, तितका प्रकाश जास्त. ठाऊक असलेला डोस दिलेल्या चकत्यांच्या प्रकाशाशी तुलना करून आकडा काढतात.

"म्हणजे परत तापवून बघता येईल?" मी आशेनं विचारलं.

"नाही. एकदा तापवली की चकती रिकामी होते. फिल्म पुन्हापुन्हा बघता यायची. शिवाय बॅज एका जागी टांगलेला असला तर फिल्मवर आतल्या धातूच्या तुकड्यांच्या कडा धारदार उमटायच्या, हलत्या माणसाच्या अंगावर असला तर पुसट. चकती तसं काही सांगत नाही. पण एक सांगते. एका चकतीवर धातूचं झाकण असतं, एक उघडी असते. दोघींच्या प्रकाशात खूप फरक आहे. म्हणजे किरणं धातूत अडणारी, तुमच्याकडच्यासारख्या एक्स-रे मशीनचीच. आकडा खरा आहे, बाई."

आकडा खरा.

त्यांना मशीन चालताना बघायचं होतं. आम्ही सगळे एक्स-रेच्या खोलीत गेलो. बाहेर बाकावर दुष्काळी कामावरच्या बायकांची पोरं खोकत बसली होती. खडी फोडायच्या जागची धूळ, त्यात अंगावर मांस नाही. छातीचा फोटो काढल्याशिवाय काही कळत नसे. एका पोरीला आजीनं आणलं होतं. आजीचे हात थरथरत होते, पोरगी टेबलावर टिकेना.

"मावशी!" तंत्रज्ञानं हाक मारली.

दवाखान्यात झाडलोट करणारी मावशी लगबगीनं आली. तिनं खुंटीवरचा शिशाचा एप्रन घातला, पोरीची गंमत करत तिचे दोन्ही दंड धरले. मग मान वळवून मला म्हणाली,

"बाई, तुमचा तावीज द्या की जरा. न्हाईतर किरणं लागतेत."

माझ्या छातीवर नव्या तिमाहीचा बॅज होता. तिची नजर त्याच्यावर होती.

अधिकाऱ्यांनी हातानंच मशीन थांबवायला सांगितलं.

"मावशी, हा तावीज तुम्ही आधी कधी लावला होता?" त्यांनी विचारलं.

"हाव की. बाई गावाला गेल्त्या तवा रोज लावायचे. कपाटातून घ्यायचे, सांजच्याला जाग्यावर ठिवायचे. धरून राहिले ना मी पोरं रोज. आया तर कामावर जातेत, कोन धरनार?"

"कुठं लावायचात?"

तिनं एप्रनच्या वर, छातीवर हात ठेवला.

तंत्रज्ञाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, तो मावशीचा स्वतःचाच आहे," एवढंच तो म्हणाला.

मी तिच्या हातांकडे बघत होते. मशीनचा झोत कुठवर पडेल ते दाखवणारा दिवा बिघडलेला होता, म्हणून झोत मोठाच ठेवत होते. त्या झोतात पोरांच्या दंडांबरोबर तिचे उघडे हात रोज, पोरामागून पोर. माझ्यावरचा आळ सरला होता, पण सुटल्यासारखं वाटेना. तो डोस कुणाचा तरी होता, आणि ती बाई समोर हसत उभी होती.

"मावशी," मी म्हणाले, "हा बॅज वाचवत नाही गं. किती किरणं लागली ते फक्त मोजतो."

तिचं हसू विरलं. तिनं पोरीचे दंड सोडले, आपले हात पदराखाली घेतले.

"मंग मला वाचवत काय व्हतं?"

"एप्रननं वाचवलंय," अधिकारी पुढं आले. "बॅज एप्रनच्या वर होता, म्हणून आकडा मोठा आला. आत अंगापर्यंत त्यातलं थोडंच पोचलं. हातांना मात्र आडोसा नव्हता. हात भाजतील, सडतील एवढं हे नाही. पण तुम्हाला हे लागायचं कारणच नव्हतं."

डॉक्टरसाहेब खुर्चीत बसले. "आम्ही हिची नोंद किरणांच्या कामावर केलीच नाही," ते पुटपुटले. "झाडणारी बाई म्हणून..."

तिच्या रक्ताचा नमुना तपासणीला मुंबईला गेला. निकाल येईपर्यंत मावशी माझ्याशी धड बोलली नाही. भांडी घासताना हात उलटेपालटे करून बघायची. पेशींमध्ये किरणांच्या खुणा नेहमीपेक्षा जास्त दिसत नाहीत, असं कळलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "अन् लेकरं धरलेली वाया न्हाई गेली ना? फोटू नीट आले ना त्यांचे?"

झोताचा दिवा दुरुस्त झाला. पोरांना बांधायला पट्टे आणि वाळूच्या पिशव्या आल्या. तरीही एखादं पोर आवरेना, तर त्याच्याच घरच्या कुणीतरी एप्रन आणि शिशाचे मोजे घालून, झोताबाहेर उभं राहून धरायचं, असं ठरलं. मावशीला वॉर्डात काम दिलं. तिथंही आजारी पोरं तिलाच बिलगायची, आणि ती त्यांना उचलून व्हरांड्यात फिरवायची.