तिसऱ्या नावाची सही बाकी

ये वं पोरी, अशी जवळ बस. आल्यापासून मोबाईलच पाहून राहिली, म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलावं की नाही माणसानं? त्याच मोबाईलातली गोष्ट सांगते.

माझे गुडघे गेले आणि लेक अमरावतीत नोकरीला. शेत विकायचं ठरलं. लेकानं मोबाईलवर जाहिरात टाकली: "तीन एकर, रोड टच, क्लिअर टायटल." फोनावर फोन. एक गृहस्थ गाडी घेऊन आले. गाडी डांबरीवरच ठेवावी लागली, कारण पुढं पांदण, शेतात जायची कच्ची वाट, आणि आदल्या दिवशी पाणी पडलेलं. काळ्या मातीनं बूट जड झाले तरी बिचारे शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत आले. तिथं उभ्या उभ्या त्यांनी मोबाईलवर सातबारा काढला.

"हे तर एक हेक्टर दहा आर आहे, पावणेतीन एकरही नाही. आणि हे तिसरं नाव कोणाचं?"

ते नाव माझ्या नणंदेचं. माझे मालक आधीच गेलेले, म्हणून सासरे गेल्यावर वारस म्हणून आम्हां मायलेकांसोबत तिचंही चढलं. ती अकोल्याला जठारपेठेत राहते. लेक म्हणे, आत्यानं तं मांगंच सांगितलं, मले काही नको. आमच्याकडं असंच चालते. बहीण एकदा तोंडानं नाही म्हणाली की तिचं नाव कोणी मोजतच नाही. पाहुणे चहा न घेता गेले.

रात्रभर मले तेच डाचत होतं. नणंद चहा पिता पिता बोलली होती, कागदावर नाही. आणि बोलली तेव्हा शेत विकायचं आहे हे तिले कुठं माहीत होतं?

सकाळी लेकाले बसवलं आणि नवी जाहिरात लिहून घेतली: "शेतजमीन, १ हेक्टर १० आर, म्हणजे सुमारे २ एकर २८ गुंठे. रस्ता पांदणीचा, पावसाळ्यात गाडी जात नाही. सातबारावर तीन नावं, एकाची सही बाकी."

लेक म्हणे, "आई, हे वाचून कोण फोन करन?"

म्हटलं, ज्याले करायचा तो करन.

पहिला फोन आला तो नणंदेचा. कोणीतरी ती जाहिरात तिले पाठवली होती. म्हणे, "वहिनी, शेत विकून राहिले हे मले परक्यानं सांगावं?"

तिचं खरं होतं. तिले आधी विचारायचं सोडून मी जाहिरातीतच सरळ लिहीत बसली होती.

"सही देशील का?" हे मी विचारलं नाही. तीच म्हणाली, आता वाटते एकदा शेत पाहावं, मग सहीचं ठरवीन. लेकाले मी जाहिरात काढायले लावली. विकणं थांबलं तं थांबू दे.

तिले म्हटलं, "बाई, सहीचं नंतर पाहू. पांदण वाळली हाये, तूर फुलावर हाये. लवकर ये, धुऱ्यानं दोघी हळूहळू चालू."